गुरुवारचं काम बुधवारीच

सोलापूरहून टॉवेलचा कंटेनर न्यूयॉर्कला निघायचा आहे. कारखाना अब्बांचा, ईमेल पाहते मुलगी. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असतं. तिकडच्या ऑफिसात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात.

समजा, बिल ऑफ लेडिंगचा तपशील शिपिंग कंपनीला देण्याची शेवटची वेळ गुरुवारी संध्याकाळी सहा आहे. ती सहसा लांबत नाही, कारण अमेरिकेच्या कस्टमला मालाची माहिती जहाजावर माल चढण्याच्या 24 तास आधी लागते. त्याआधी माल घेणाऱ्याचं नाव, पत्ता, गाठोड्यांची संख्या खरेदीदाराने तपासायला हवी. नंतरच्या दुरुस्तीला पैसे पडतात आणि माल सोडवताना अडचण येऊ शकते.

मुलीने मसुदा गुरुवारी सकाळी दहाला पाठवला, तर आपल्या हिशेबाने आठ तास हाती आहेत. पण तिकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. खरेदीदार नऊला ऑफिसात येऊन मेल उघडेल, तेव्हा आपली मुदत संपून अर्धा तास झालेला असेल. म्हणून मसुदा बुधवारी संध्याकाळी साडेसहापर्यंत गेला पाहिजे. मग त्याला पूर्ण दिवस मिळतो, आणि उत्तर रात्रीतून येऊन गुरुवारी सकाळी दुरुस्तीला वेळ उरतो. मेलच्या विषयातच दोन्हीकडची वेळ वारासह लिहावी:

```
Draft BL: reply by Wed 5 pm New York / Thu 2:30 am India
```

नुसतं 'आज संध्याकाळपर्यंत' लिहिलं, तर कोणाची संध्याकाळ हे कळत नाही.

रोजच्या प्रश्नोत्तरांसाठी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ ठरवून खरेदीदाराला लेखी कळवावी. या वेळेत दोघेही जागे असतात, त्यामुळे शंका त्याच दिवशी मिटते. रमजानमध्ये हीच वेळ इफ्तार आणि मगरिबची. तेव्हा तरावीहनंतरची, रात्री दहा ते अकराची वेळ आधीच कळवून ठेवावी; तिकडे ती दुपारची असते.

उत्तर आलंच नाही तर काय, हेही ऑर्डर घेतानाच ठरवावं. ऑर्डरच्या कागदावरचा तपशील तसाच द्यायचा, की माल पुढच्या जहाजाला ठेवायचा? 'तातडीचं' हा शब्दही अशाच कामापुरता राखावा, ज्याचं जहाज चुकू शकतं. रंगाच्या नमुन्यालाही तो लावला, तर खऱ्या घाईच्या वेळी तो कोणी वाचत नाही.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे येतात. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ आपल्याकडे साडेसात. त्या दोन रविवारी कॅलेंडरवर खूण करून ठरलेल्या सगळ्या वेळा नव्याने लिहून पाठवाव्यात.