जिगर साफ करणारी पुडी

‘लिव्हर साफ, विष बाहेर’ असं म्हणत पुडी विकणाऱ्याला एवढंच विचारा: कोणतं विष काढता, त्याचं नाव सांगा. नाव मिळणार नाही. यकृत म्हणजे गाळ साचलेला हौद, या समजुतीवरच हा धंदा उभा आहे. (उर्दू शायरीत जिगर जळतं, पुडीवाल्यांच्या दुनियेत ते तुंबतं.)

बरीच औषधं चरबीत विरघळतात. मूत्रपिंडानं गाळली तरी ती पुन्हा रक्तात शोषली जातात. म्हणून यकृत त्यांना पाण्यात विरघळणारं करतं. आधी सायटोक्रोम पी-४५० ही विकरं रेणूला ऑक्सिजन जोडतात. मग त्या जागी ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडलं जातं आणि तो लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतो.

आता तापाची गोळी घ्या. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग थेट दुसऱ्या पायरीनं, ग्लुकुरोनिक आम्ल आणि सल्फेट जोडून, निघून जातो. साधारण पाच ते दहा टक्के मात्र सायटोक्रोमकडे जातो आणि तिथे त्याचं ‘नॅपक्वी’ नावाचं विष होतं. म्हणजे विष पोटात गेलेलं नव्हतं, ते यकृतानं तयार केलं! ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडतं, म्हणून आपल्याला काही कळत नाही. ‘यकृताचा वेग वाढवतो’ असं सांगणाऱ्याला म्हणूनच विचारायला हवं, कोणत्या पायरीचा? पहिलीचा वेग तर रोजची दारूही वाढवते.

आपल्याकडे घोळ कसा होतो? तापासाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. वर सर्दीची गोळी तीनदा, तिच्यातही पॅरासिटामॉल ५००, म्हणजे १५००. बेरीज ४१००. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. उपाशी, कुपोषित किंवा रोज पिणाऱ्यासाठी ती आणखी कमी धरतात. एका दिवसात याने जीव जाईलच असं नाही, पण आठवडाभर हेच चाललं तर धोका खरा आहे. मात्रा फार झाली की दुसरी पायरी अपुरी पडते, जास्त औषध सायटोक्रोमकडे वळतं, ग्लुटाथायोन संपत येतं आणि नॅपक्वी यकृताच्या पेशींना चिकटतं.

फसवणूक अशी की पहिल्या दिवशी फार तर मळमळ होते. उजव्या बरगडीखालची दुखणी आणि कावीळ नंतर येते. उतारा म्हणजे अ‍ॅसिटिलसिस्टीन, ज्यापासून शरीर ग्लुटाथायोन बनवतं. मोठी मात्रा एकदम घेतली असेल तर आठ तासांच्या आत तो सर्वाधिक उपयोगी पडतो. पुडी पाजत बसलं तर ते तास गेले.

आणि पुडी तरी कुठून जाते? याच यकृतातून. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. आक्षेप धरून चालू. मग ज्या पुडीवर वनस्पतीचं नाव आणि प्रमाणही छापलेलं नाही, तिच्यात काय होतं हे कावीळ झाल्यावर डॉक्टरला कोण सांगणार? विकणारा?