खोगीर उतरवा, पाठीवरून हात फिरवा

वीटभट्ट्या पेटल्या आहेत, बांधकामांना जोर आला आहे. जिथे टेम्पो शिरत नाही त्या गल्लीत आणि जिथे रस्ता नाही त्या टेकडीवरच्या वस्तीत विटा-वाळू आजही गाढवाच्या पाठीवरूनच जाते. पाठी सोलवटतात त्या याच दिवसांत. म्हणून गाढवांच्या मालकांना, मुकादमांना आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाला कळकळीचं आवाहन आहे: उद्याची पहिली खेप भरण्याआधी जनावराची पाठ बघा.

आधी ओझ्याचं. ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत गाढवासाठी ५० किलोची कमाल मर्यादा आहे. ती धडधाकट जनावराची आहे; अशक्त, लंगड्या किंवा गाभण जनावराची नव्हे. आता हिशेब करा. आपल्याकडची साधी वीट साधारण तीन किलोची. खोगीर आणि गोणीचे चार-पाच किलो धरले, तर दोन्ही बाजूंना सात-सात अशा चौदा विटा झाल्या की गाढवाचं ओझं पुरं झालं. तीस विटा लादल्या की नुसत्या विटाच नव्वद किलो होतात. वाळूचं मोजमाप घमेल्यावर सोडू नका. ओली वाळू फार जड असते, तेव्हा भरलेली गोणी एकदा काट्यावर तोला आणि कुठवर भरायची तिथे खूण करा. दोन्ही बाजू सारख्या भरा, नाहीतर खोगीर सरकतं आणि एकाच जागी कातडी घासते.

मुकादमांनो, मजुरी खेपेवर ठरते म्हणून खेप जड होते. चौदा विटांची खेप ठरवा आणि दर त्या हिशेबाने द्या. घरमालकांनो, एका खेपेत किती विटा लादल्या, हे तुम्हीही विचारा, कारण ती वीट तुमच्या भिंतीत बसणार आहे.

पाठीची जखम एका दिवसात होत नाही. ओझं मणक्यावर किंवा खांद्यामागच्या उंचवट्यावर टेकलं की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी आतून मरू लागते. वरून काही दिसण्याआधी हे सुरू झालेलं असतं. संध्याकाळी खोगीर काढल्याबरोबर बघा: सगळी पाठ घामाने भिजलेली आणि मध्येच एखादा कोरडा चट्टा असेल, तर दाब तिथेच पडतोय. मग तळहाताने दाबून बघा. गरम लागलं, सूज लागली, कातडी थरथरली किंवा जनावराने पाठ खाली घेतली, तर दुसऱ्या दिवशी त्यावर खोगीर चढवू नका. जुन्या जागी उगवलेले पांढरे केस दिसले, तर तिथे आधी कधीतरी जखम झाली होती असं समजा.

जखमेपुरतं खोगिराला भोक पाडण्याची पद्धत आहे, ती सोडा. भोकाच्या काठांवर दाब वाढतो आणि जखम रुंदावते. त्याऐवजी पोत्यात कोरडा पेंढा घट्ट भरून दोन जाड, रुंद गाद्या करा, त्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना बसवा आणि मध्ये चार बोटांची मोकळी पन्हळ ठेवा. ओझं लादल्यावरही त्या पन्हळीतून हात आरपार गेला पाहिजे. घामाने कडक झालेलं पोतं धुऊन उन्हात वाळवा.

जखम झालीच, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालून ती धुवा. जळकं ऑइल, बॅटरीची पूड, डागणी यांतलं काही नको. अळ्या पडल्या, वास आला किंवा जखम खोल असली तर डॉक्टर लागतोच. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा, घोडा-गाढवांना तो चटकन होतो. कातडी पुरती भरून येईपर्यंत पाठ रिकामी ठेवा.

खुरांतले खडे रोज काढा. तळव्यातून काळा, घाण वास येणारा चिखलासारखा थर निघाला, तर खूर कुजतोय. बांधायची जागा कोरडी करा. खूर दीड-दोन महिन्यांनी जाणकाराकडून तासून घ्या.

खायला कडबा, वाळलेलं गवत मुख्य हवं, थोडं थोडं आणि अनेकदा. शिळी भाकरी, भात, बुरशी आलेला चारा, ज्वारीचे कोवळे फुटवे देऊ नका. कचऱ्यावर सोडलेलं गाढव प्लास्टिक खातं आणि पोटशूळाने मरतं. स्वच्छ पाणी दर खेपेनंतर दाखवा. उन्हाचा पारा ३७ अंशांवर असेल, तर दुपारी बारा ते तीन काम नियमानेच बंद आहे.

गाढव दुखणं लपवतं, ओरडत नाही. मान खाली घालून गप्प उभं आहे आणि दिवसभर चाऱ्याला तोंड लावलेलं नाही, एवढं दिसलं की थांबू नका. उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी उतरते आणि ते काही दिवसांत दगावू शकतं. त्याच दिवशी १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या मोफत क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या सरकारी पशुदवाखान्यात न्या.