बेरजेचा आकडा बाटलीवरून उतरवा!

२२८.५, ३१२.५, ४५७, ६४२.९. तापाने फणफणलेले लेकरू कडेवर घेऊन औषधाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या आईच्या कानावर हे आकडे रोज आदळतात. दुकानदार विचारतो, "सिरप कितीचे?" आणि ती चिठ्ठी पुढे करते. यांपैकी एकही आकडा कोणत्याही औषधाचे माप नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो. ही नुसती बेरीज आहे, आणि मुलांच्या औषधावर अशी बेरीज मिरवू देणे हा अपराध आहे!

४५७ म्हणजे काय? पाच मिलिलिटर औषधात ४०० मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि ५७ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनेट. पहिले जंतू मारते. दुसरे स्वतः फारसे मारत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन फोडून टाकणारे जे विकर काही जंतू बनवतात, त्याला ते निकामी करते. दोघांची कामे निराळी, दोघांची मापे निराळी. दूध आणि विरजण यांची बेरीज करून माप सांगणारा गवळी कोणी पाहिला आहे काय? विरजण पुरेसे असले की झाले, वाढवले तर दही आंबते. क्लॅव्ह्युलॅनेटचेही तसेच. ठरावीक मात्रेपलीकडे त्याचा उपयोग वाढत नाही, जुलाब मात्र वाढतात.

म्हणूनच या औषधाची तीन निरनिराळी प्रमाणे जन्माला आली, आणि त्यांमागचा विचार सरळ आहे. जुने ४:१ हे प्रमाण दिवसातून तीनदा द्यायच्या मात्रेसाठी. १२५ सोबत ३१.२५ आणि २५० सोबत ६२.५ ते हेच. पुढे ७:१ आले, दिवसातून दोनदा देण्यासाठी. २०० सोबत २८.५, ४०० सोबत ५७. नंतर १४:१ आले. ६०० सोबत ४२.९. किलोमागे दिवसाला ४५ मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन ७:१ मधून दिले, तर क्लॅव्ह्युलॅनेट ६.४ मिलिग्रॅम पडते. अ‍ॅमॉक्सिसिलिन दुप्पट करून ९० केले आणि १४:१ वापरले, तरी क्लॅव्ह्युलॅनेट तेच ६.४ राहते. जंतू मारणारे औषध दुप्पट झाले, विरजण तेवढेच राहिले. आमचा राग या शास्त्रावर नाही. शहाणपणाने आखलेली ही तीन प्रमाणे एका बेरजेच्या बुरख्याखाली झाकून विकली जातात, त्यावर आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. दहा किलोची मुलगी, कानाच्या आत पू झालेला. कानदुखीच्या जंतूंपैकी न्यूमोकॉकस विकर बनवून लढत नाही. पेनिसिलिन जिथे चिकटते ती जागाच बदलून तो निबर होतो. त्याच्यापुढे क्लॅव्ह्युलॅनेट निरुपयोगी आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन वाढवणे हाच उपाय. म्हणून डॉक्टर किलोमागे ९० ठरवतात. दिवसाला ९०० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी ४५०. ६४२.९ ची बाटली असेल तर हे ३.७५ मिलिलिटर होते. चिठ्ठीवर तेवढेच लिहिले जाते: नाव, आणि "पावणेचार मिली, दोनदा".

दुकानात ती बाटली नाही. "तेच औषध आहे, दुसऱ्या आकड्याचे," असे म्हणून २२८.५ ची बाटली पुढे केली जाते. आई घरी येऊन इमानेइतबारे पावणेचार मिली मोजते. पोटात काय गेले? ४५० च्या जागी १५० मिलिग्रॅम! किलोमागे ९० च्या जागी ३०! एक तृतीयांश औषधावर त्या कानाने लढायचे. दोन-तीन दिवसांनीही ताप आणि ठणका हटत नाही, तेव्हा डॉक्टरांना वाटते औषध लागू पडले नाही, आणि त्याहून जहाल औषध सुरू होते. जे औषध पोटात गेलेच नाही, त्याच्यावर अपयशाचा शिक्का बसतो.

आता दुसरी चूक घ्या. दुकानदार हुशार आहे, अ‍ॅमॉक्सिसिलिनचा हिशेब बरोबर करतो, पण बाटली देतो ३१२.५ ची, म्हणजे ४:१. एका वेळी ४५० हवे तर ९ मिली. अ‍ॅमॉक्सिसिलिन अगदी बरोबर, पण क्लॅव्ह्युलॅनेट दिवसाला २२५ मिलिग्रॅम, किलोमागे २२.५! बालरोगतज्ज्ञ ते साधारण १० च्या आत ठेवू पाहतात. पोर दिवसभर हगते, लंगोटाखालची कातडी सोलून निघते, आणि हैराण झालेली आई तिसऱ्या दिवशी औषध बंद करते. उलट, १४:१ ची बाटली नेहमीच्या ४५ च्या मात्रेसाठी वापरली, तर क्लॅव्ह्युलॅनेट ३.२ वर घसरते आणि विकर बनवणाऱ्या जंतूंपुढे ढाल अपुरी पडते. म्हणजे केवळ अ‍ॅमॉक्सिसिलिन जुळवून भागत नाही आणि केवळ मिली जुळवून तर मुळीच नाही.

ही बेरीज हिशेब करणाऱ्यालाही दगा देते. घाईतला डॉक्टर ४५० मिलिग्रॅमला ४५७ ने भागतो आणि "एक चमचा" लिहितो. त्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन ४०० मिलिग्रॅमच आहे, म्हणजे ४५७ चा आठवा हिस्सा बेरजेने गिळला. हीच चूक ३१२.५ वर केली तर पाचवा हिस्सा जातो, ६४२.९ वर पंधरावा. चूक एकच, पण नुकसान प्रत्येक प्रमाणात वेगळे. मग अंदाजाने सावरणार तरी कसे? आणि नावापुढची शेपटे पाहा: ड्युओ, फोर्ट, डीएस, डीडीएस. "डबल" म्हणे! कशाच्या दुप्पट? ही अक्षरे प्रमाण सांगत नाहीत, जोर सांगतात, आणि जोर हा विक्रीचा शब्द आहे.

ब्रिटनमध्ये हेच औषध ४००/५७ असे दोन्ही आकडे सांगून ओळखले जाते. आपल्याकडे ते दोन आकडे घटकांच्या बारीक अक्षरांत आणि बेरीज ठळक! केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने हे आजवर का चालू दिले? बेरीज छापण्याला मनाई करा, दोन्ही आकडे ठळक छापा, प्रमाण त्यांच्याशेजारी छापा. यासाठी नवे संशोधन लागत नाही, नवा छापा लागतो. डॉक्टरांनी मुलाचे वजन, एका वेळचे अ‍ॅमॉक्सिसिलिन मिलिग्रॅममध्ये, बाटलीचे दोन्ही आकडे आणि मग मिली, असे लिहावे. नुसते "एक चमचा" ही चिठ्ठी नव्हे. दुकानदाराने कंपनी बदलावी, प्रमाण बदलू नये. आकडे जुळत नसतील तर डॉक्टरांना फोन करावा.

आणि आईबापांनी बाटली हाती घेण्याआधी दुकानातच विचारावे: पाच मिलीत अ‍ॅमॉक्सिसिलिन किती, क्लॅव्ह्युलॅनेट किती, आणि डॉक्टरांच्या मनात हीच बाटली होती का? उत्तर गुळमुळीत आले तर मिलीचा आकडा स्वतः बदलू नका. बाटलीतल्या भुकटीत पाणी घालण्याआधीच ती घेऊन दवाखान्याची पायरी पुन्हा चढा.