दुकानाचं नाव झाका आणि मेसेज वाचा



दहावीच्या मुलांना आपण जाहिरात लेखन शिकवतो. प्राथमिकच्या वर्गातही दुकानाची पाटी, शुभेच्छापत्र, सूचना असे छोटे उपक्रम घेतो. त्यात मुलांनी 'भव्य', 'आकर्षक', 'सुवर्णसंधी', 'त्वरा करा' असे शब्द घातले की आपण खूश होऊन बरोबरची खूण करतो. ही खूण पुढे कुठे जाऊन पोहोचते, ते मला गेल्या गणपतीत कळलं.

कळंबच्या नाक्यावरचे आमचे किराणावाले शेठ ऑगस्टमध्ये मोबाईल घेऊन शाळेत आले. "बाई, एवढं शुद्धलेखन बघून द्या. गिऱ्हाइकांना पाठवायचंय." त्यांच्या मुलाने मेसेज लिहिला होता. तो आमच्याच शाळेत शिकलेला. मेसेज साधारण असा होता:

"समस्त ग्राहक बंधू-भगिनींना श्री गणेश चतुर्थीच्या हार्दिक हार्दिक शुभेच्छा! विघ्नहर्ता आपल्या सर्व मनोकामना पूर्ण करो. खास सणानिमित्त धमाका ऑफर! सर्व मालावर 10 ते 40 टक्के भव्य सूट! अटी लागू. त्वरा करा, संधी दवडू नका!"

वर इंटरनेटवरून घेतलेला गणपतीचा फोटो आणि त्याच्या पायाशी दुकानाचं नाव.

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. पण मी दुकानाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "शेठ, आता वाचा. हा मेसेज कोणाचा?" ते हसले. नेरळच्या मोबाईलवाल्याचा असेल, कर्जतच्या कापडवाल्याचा असेल, कोणाचाही असेल. माझ्या मते 'नको असलेला मेसेज' ओळखायची हीच खरी कसोटी आहे. मेसेज लांब आहे की छोटा, याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. नाव झाकल्यावर जो मेसेज कोणत्याही दुकानाचा वाटतो, तो गिऱ्हाईक न वाचता पुसतं.

आता 40 टक्क्यांचं बघा. पाकीटबंद मालावर किराणा दुकानदाराला मुळात सुटतं किती, हे गिऱ्हाइकालाही अंदाजाने माहीत असतं. त्यामुळे 40 टक्के वाचलं की मनात पहिला विचार येतो तो जुन्या मालाचा. 'अटी लागू' वाचलं की दुसरा विचार येतो. म्हणजे सूट दिली नाही ती नाहीच, वर वर्षानुवर्षांचा विश्वास थोडा खर्च झाला.

मी शेठना विचारलं, "गणपतीत लोक तुमच्याकडे हमखास काय न्यायला येतात?" ते म्हणाले, नारळ आणि मोदकाची पिठी. "आणि तक्रार कशाची येते?" "नासक्या नारळाची. पूजेला फोडला आणि आतून खराब निघाला की बायका नाराज होतात. मी देतो बदलून." "हे मेसेजमध्ये का नाही?" "त्यात काय लिहायचं, ते तर आपण करतोच!"

ऑफर म्हणजे हीच. जी गोष्ट दुकानदार करतोच, पण लिहीत नाही. शेठच्या अंदाजाने शंभरात दोन-तीन नारळ खराब निघतात. त्यांनी 300 नारळ आणायचे ठरवले होते, म्हणजे बदलून द्यायचे फार तर नऊ. खरेदी 30 रुपयांची धरली तरी 270 रुपयांचा भुर्दंड. एवढ्यात त्यांना असं एक वाक्य मिळत होतं, जे दुसऱ्या कोणाच्या मेसेजमध्ये नव्हतं.

मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं:

"नमस्कार. बुधवारी बाप्पा येतायत. तयारीसाठी दुकानात दोन गोष्टी ठेवल्या आहेत.

नारळ: एक 35 रुपये, पाच घेतले तर 160. फोडल्यावर नासका निघाला तर तो घेऊन या, बदलून देऊ.

मोदकाची पिठी: आंबेमोहोराची, सोमवारी रात्री दळून मंगळवारी सकाळी मिळेल. अर्धा किलो 45 रुपये. किती हवी ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, तेवढीच दळणार आहोत.

सामानाची यादी इथेच पाठवलीत तर बांधून ठेवू. असे मेसेज नको असतील तर 'नको' एवढंच लिहा, काढून टाकू."

खाली दुकानाचं नाव. फोटो दुकानातल्या नारळांच्या ढिगाचा, शेठनीच काढलेला. देवाचा फोटो मुद्दाम घेतला नाही. सणाच्या दिवसांत तसे फोटो इतके येतात की फोन भरतो, आणि देवाचा फोटो पुसताना अनेकांना अवघड वाटतं. ते अवघडलेपण दुकानाच्या नावाशी कशाला जोडायचं?

शेठ म्हणाले, "बाई, यात शुभेच्छा कुठंयत?" रास्त प्रश्न. माझं मत असं की शुभेच्छा आणि भाव एकाच मेसेजमध्ये नसावेत. आशीर्वादाच्या पाठोपाठ दर आला की आशीर्वाद खोटा वाटायला लागतो. ऑफर सहा दिवस आधी गुरुवारी, 21 ऑगस्टला गेली, यादी करायला वेळ मिळेल अशी. वेळ दुपारी अडीचची. सकाळी शुभ प्रभातच्या गर्दीत ती हरवली असती. चतुर्थीला, 27 ऑगस्टला, फक्त एक ओळ गेली: "बाप्पा तुमच्या घरी सुखाने राहोत." त्यात ना दर, ना दुकानाची वेळ. पूर्वी व्यापारी दिवाळी पाडव्याला पानसुपारीला बोलवायचे, तेव्हा हातात पान ठेवताना कोणी साखरेचा भाव सांगत नसे. हे तसंच.

आता पाठवायचा कोणाला, हा प्रश्न राहिला. मला तो भाषेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणजे कंटाळून कोणी नंबर काढून टाकला, तर दुकानदार पाठवत राहतो आणि तिकडे काहीच जात नाही. भांडण नाही, निरोप नाही, गिऱ्हाईक गेलेलं असतं. एकाच नंबरसमोर मेसेजमागून मेसेज एकच टिक दिसत असेल, तर हा संशय घ्यावा.

शेठच्या गिऱ्हाइकांचे सरळ तीन भाग पडतात. महिन्याचा किराणा भरणारे गावातले लोक. आजूबाजूच्या वाड्यांवरचे, जे रोज लागेल तेवढंच नेतात. आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे फार्महाऊसवाले, जे गणपतीत आपापल्या घरी असतात. तिसऱ्या गटाला नारळाचा मेसेज पाठवण्यात काहीच अर्थ नाही. वाड्यांवर बऱ्याच घरांत लिहिलेलं वाचायचा कंटाळा किंवा अडचण असते. तिथे शेठनी स्वतःच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप पाठवला. गावातल्या लोकांना लिखित मेसेज गेला.

यानंतर मी त्यांना एक गोष्ट सांगितली, माझ्या घरची. काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्याकडे सासरे गेले. त्या वर्षी गणपती बसवला नाही. चतुर्थीच्या सकाळी एका दुकानाचा मेसेज आला, 'आनंदाच्या उत्सवानिमित्त आपल्या परिवारास'. त्याच दुकानातून आम्ही दिवसकार्याचं सामान आणलं होतं. दुकानदार वाईट नव्हता. त्याने यादी बघितली नव्हती, एवढंच. पण सासूबाई मेसेज वाचून गप्प बसल्या, ते मला आजही आठवतं.

शेठनी मोबाईल काढला आणि त्या वर्षी दुःख झालेल्या घरांची नावं आठवत एकेक नंबर लिस्टमधून बाजूला केला. सहा निघाले. ज्यांच्याकडे गणपती नसतोच, अशी वेगळ्या धर्माची तीन-चार घरंही काढली. त्यांना त्यांच्या सणाला लिहू म्हणाले. मोठ्या कंपनीच्या यंत्राला हे कधीच करता येणार नाही, कारण कोणाच्या घरी काय झालं हे त्याला माहीत नसतं. गावच्या दुकानदाराला माहीत असतं. ते माहीत असूनही त्याने यंत्रासारखंच लिहावं, याचं मला वाईट वाटतं.

मग झालं काय? एकोणीस घरांनी पिठी सांगितली. तिघांनी 'नको' लिहिलं, त्यांना काढलं. एरवी उत्तरात नुसते जोडलेले हात येत, या वेळी याद्या आल्या. आणि घोटाळाही झाला. सोमवारी रात्री वीज गेली, गिरणी बंद. मंगळवारी सकाळची पिठी दुपारवर गेली. शेठनी सकाळी आठलाच फक्त त्या एकोणीस जणांना कळवलं, "वीज नव्हती, पिठी तीन वाजता मिळेल, थांबता येत नसेल तर सांगा." दोघींनी दुसरीकडून घेतली, बाकीचे थांबले. शब्द दिला की हा धोका येतोच. 'भव्य सूट' लिहिणाऱ्याला तो नसतो, कारण त्याने कोणताच शब्द दिलेला नसतो.

आता आपल्याबद्दल. शेठच्या मुलाने पहिला मेसेज वाईट लिहिला नव्हता. आपण शिकवलं तसाच लिहिला होता. त्याला गुण मिळाले असते. मी या वर्षी चौथीच्या वर्गात दोन्ही मेसेज फळ्यावर लिहिले, दुकानाचं नाव झाकलं आणि विचारलं, यातलं कोणतं दुकान तुम्ही ओळखाल? एक मुलगी म्हणाली, "बाई, दुसऱ्यातला माणूस नारळ बदलून देतो, तो आपला नाक्यावरचा." पहिल्याबद्दल कोणालाच काही सांगता आलं नाही.

मग मुलांना घरच्या किंवा ओळखीच्या दुकानासाठी लिहायला सांगितलं. अट एकच, त्या दुकानाबद्दलची एक खरी गोष्ट हवी आणि ती दुकानात जाऊन विचारून यायची. 'त्वरा करा' एकाही वहीत आलं नाही. एकाने लिहिलं, "आमच्या दुकानात सुट्टे पैसे मिळतात, गोळी देत नाहीत." मी त्याखाली बरोबरची खूण केली.

दिवाळीच्या आधी तुमच्या वर्गात किंवा घरी हा उपक्रम घ्या. आणि मूल 'भव्य' लिहील तेव्हा एवढंच विचारा: म्हणजे नक्की किती, आणि कोणासाठी?