एका संसारावरून सगळे संसार?

पेण आणि रोहा यांसारख्या गावांत लग्न ही अजूनही दोन व्यक्तींची नव्हे, तर दोन घरांची गोष्ट मानली जाते. त्यामुळे तिशीला आलेली, शिकलेली, नोकरी करणारी एखादी मुलगी लग्नाला तयार होत नसेल, तर तिच्याविषयीचे निदान गावात चटकन ठरून जाते. कोणी म्हणते, शिक्षणाने डोक्यात वारे शिरले. कोणी म्हणते, पगार हाती आला की अपेक्षा वाढतात. मुलगा असला तर त्याला जबाबदारी नको आहे, असे म्हणून विषय संपतो. एक कारण मात्र सहसा उच्चारले जात नाही. ते उच्चारायचे म्हणजे त्या मुलाच्या वा मुलीच्या आईवडिलांच्या संसाराविषयी बोलावे लागते, आणि तेवढे धारिष्ट कोणापाशी नसते.

पेणला राहून रोज एस.टी.ने रोह्याच्या शाळेत शिकवायला जाणारी एक तरुणी डोळ्यांसमोर आणावी. ती कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून काढलेले ते चित्र आहे. तिचे वडील कचेरीत नोकरीला होते, आई घरी. शेजाऱ्यांच्या कानावर या घरातले भांडण फारसे कधी गेले नाही, कारण तेथे भांडणापेक्षा अबोला अधिक होता. ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ ‘आईला सांग, मला आज उशीर होईल.’ एकाच खोलीत बसलेल्या दोन माणसांमधला निरोप पोचवण्याचे काम आठव्या वर्षापासून या मुलीकडे आले. दारात वाजणाऱ्या चपलांच्या आवाजावरून आजची संध्याकाळ कशी जाणार, हे तिला ओळखता येऊ लागले. शेजारीपाजारी त्या दांपत्याचा संसार नेटका म्हणत. मुलीने मात्र त्यातून एक धडा घेतला, की जो बांधला गेला तो अडकला.

आता तिच्यासाठी आलेल्या स्थळांचा हिशेब पाहावा. पहिल्या वेळी पत्रिका आडवी आली, दुसऱ्या वेळी मुलाची मुंबईतली जागा लहान निघाली. तिसऱ्या वेळी मात्र नाव ठेवायला काही नव्हते. दोघे चार वेळा भेटली, मुलगा तिला आवडलाही. साखरपुड्याची तारीख ठरण्याच्या सुमारास फोनवर कोणाशी तरी बोलताना त्याचा आवाज चढलेला तिने ऐकला, आणि पुढची तीस वर्षे तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेली. तिने त्याला काही विचारले नाही. त्याच्या फोनला उत्तर देणे बंद केले आणि नकार वडिलांकरवी कळवला.

येथे दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की नकाराची कारणे दर वेळी बदलत गेली, पण नकाराची वेळ बदलली नाही. निवड खरी होऊ लागली, की पाय मागे येतो. विवेकाने दिलेला नकार याहून वेगळा असतो. मुलगा दारू पितो, त्याच्या घरचे हुंडा मागतात, लग्नानंतर नोकरी सोडावी अशी अट घालतात, ही कारणे तपासता येतात आणि उद्याही तीच राहतात. अशा कारणाने नाही म्हणणाऱ्या मुलीला भित्री म्हणणे हा तिच्यावर अन्यायच होय. ज्या कारणाची शहानिशाच करायची नसते, ते कारण बहुधा भीतीने पुढे केलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपण आईवडिलांसारखे होणार नाही, अशी या मुलीची प्रतिज्ञा आहे. पण प्रसंग आला तेव्हा तिने काय केले? बोलणे बंद केले आणि निरोप तिसऱ्याकडून पाठवला. जे घरात पाहिले तेच तिच्या हातून घडले, आणि तेही लग्नाच्या आधीच. लग्न टाळून हा वारसा टळतो, हा तिचा समज त्या एका प्रसंगाने खोटा ठरवला आहे.

आईवडिलांचा संसार कडू का झाला, याचा विचार करताना अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली मांडलेली एक कल्पना उपयोगी पडते. कोणतीही संस्था बिघडू लागली, की तिच्यातल्या माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याने म्हटले. एक, तेथून बाहेर पडणे. दुसरा, आत राहून तक्रार बोलून दाखवणे. मालाचा दर्जा घसरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते किंवा दुकानदाराला सुनावते. निष्ठा असली की माणूस लगेच बाहेर पडत नाही आणि बोलण्याला अवसर मिळतो. मात्र बोलण्याला वजन येते ते बाहेर पडणे शक्य असते म्हणून. जेथे दोन्ही मार्ग बंद, तेथे बिघाड दुरुस्त होण्याचे कारणच उरत नाही.

त्या आईचे दोन्ही मार्ग बंद होते. कायद्याचे दार तसे उघडे होते; 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची सोय केली आणि 1976 च्या दुरुस्तीने तो परस्परसंमतीनेही मिळू लागला. पण हाती स्वतःचा पैसा नाही, माहेरी परत जाण्याला मान नाही आणि गावात तोंड दाखवायचे आहे, अशा बाईला कायद्याच्या दाराचा उपयोग किती? वडिलांचीही सुटका नव्हती. बाहेर जाता येत नाही आणि बोलून उपयोग होत नाही, तेव्हा अबोला उरतो. मुलीला मात्र ही कारणे दिसली नाहीत, बालवयात ती दिसणे शक्यही नव्हते. तिला फक्त विवाह दिसला आणि सगळा दोष तिने विवाहाच्या माथी मारला. एकाच नमुन्यावरून, तोही दोन्ही दारे बंद असलेल्या घराचा, तिने सर्व संसारांविषयी अनुमान काढले.

हे अनुमान कितपत खरे? अमेरिकेतील पॉल अमाटो आणि अॅलन बूथ या समाजशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. 1980 साली सुमारे दोन हजार विवाहितांच्या मुलाखतींपासून सुरू झालेल्या पाहणीत पुढे त्यांच्या मुलांचे संसारही तपासले गेले. त्यातून 2001 साली दोन निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिला असा, की आईवडिलांचे पटत नव्हते पण ते विभक्त झाले नाहीत, अशा घरांतल्या मुलांमध्ये घटस्फोटाचा संभव इतरांहून अधिक आढळला नाही. दुसरा असा, की अशा मुलांच्या संसारात कुरबुरी मात्र अधिक आढळल्या, आणि त्या पुढच्या पिढीत गेल्या त्या काही ठरावीक सवयींच्या वाटेने: मत्सर, हुकमत गाजवणे, चटकन चिडणे, सतत टीका करणे, लहरीपणा आणि जोडीदाराशी न बोलणे.

ही पाहणी परक्या समाजातली आहे. तेथे विभक्त होणे आपल्याकडल्याइतके अवघड नाही, म्हणून पहिला निष्कर्ष जसाच्या तसा रायगड जिल्ह्याला लावणे धाडसाचे होईल. दुसऱ्याचा बोध मात्र येथेही घेण्यासारखा आहे. वारशाने येते ते प्राक्तन नव्हे, सवय येते. आणि सवय ओळखता येते. आपल्या तरुणीच्या बाबतीत ती यादीतली शेवटची सवय आहे. आपण कधी ओरडत नाही, म्हणून आपण वेगळ्या आहोत, असे तिला वाटते. तिचे गप्प होणेच आईवडिलांचे आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

निर्णय न घेणे हा सुरक्षित मार्ग आहे, असेही काहींना वाटते. इंग्रज कवी फिलिप लार्किन याचे आयुष्य या संदर्भात पाहण्यासारखे आहे. माणसांनी एकत्र राहू नये, असा ग्रह आईवडिलांच्या संसाराने आपल्या मनात निर्माण केला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. 1948 साली ठरलेले लग्न त्याने 1950 साली मोडले. मोनिका जोन्स या प्राध्यापिकेशी त्याचा स्नेह 1985 साली त्याच्या मृत्यूपर्यंत टिकला, पण विवाह त्याने केला नाही, दुसऱ्या एका स्त्रीशीही त्याचे संबंध राहिले आणि मोनिका त्याच्या घरी राहायला आली ती 1983 साली, आजारपणामुळे. जो बांधून घेत नाही त्याची मोकळीक अनेकदा दुसऱ्याच्या वाट पाहण्यावर उभी असते. हा खर्च त्याच्या हिशेबात धरला जात नाही, इतकेच.

मग त्या तरुणीने काय करावे? भीती जाईपर्यंत थांबावे, असे नव्हे. ती थांबून जात नाही. आपले घर कसे होते हे साखरपुड्यापूर्वी त्या मुलाला तिने स्वतः सांगावे, मध्ये कोणी निरोप्या न घालता. आवाज चढला तर दुसऱ्या दिवशी विचारावे, ‘काल काय झालं होतं?’ उत्तर देताना तो स्वतःची चूक मान्य करू शकतो की नाही, विचारल्याबद्दल चिडतो की नाही, यावरून पत्रिकेपेक्षा पुष्कळ अधिक कळेल. मतभेद होतात का, हे पाहण्यात अर्थ नाही. मतभेदानंतर दोघे पुन्हा बोलू लागतात का, हे पाहावे. नोकरी, पगाराचे खाते आणि राहण्याची जागा यांविषयी आधीच स्पष्ट ठरवावे. यात अविश्वास नाही. आईपाशी जे नव्हते ते तिच्यापाशी आहे, आणि दार उघडे असते तेथेच आत राहणे हे खरे राहणे ठरते.

अखेर, लग्न केलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. विनोबांचा जन्म याच पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 साली झाला. ते आणि त्यांचे दोन भाऊ, बाळकोबा आणि शिवाजीराव, अविवाहित राहिले; त्यांना काय करायचे आहे हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी ती वाट धरली. अशा नकाराला समाजाने मान द्यावा. पण ज्याला सोबत हवी आहे आणि जो केवळ आठव्या वर्षी ऐकलेल्या चपलांच्या आवाजाला भिऊन मागे फिरतो, त्याने निवड केलेली नसते. ती त्याच्या आईवडिलांच्या संसाराने केलेली असते. आणि ज्या आईवडिलांना घराबाहेर आवाज न जाऊ दिल्याचा अभिमान आहे, त्यांनी घरातला निरोप्या कोण होता, हे एकदा आठवून पाहावे.