गट जोडायला शिकवताना मैत्रीचं उदाहरण नको

कोण कोणाशी जोडलेलं आहे हे शोधायची ‘युनियन-फाइंड’ ही रीत सांगताना बहुधा मित्रांचं उदाहरण देतात. माझ्या मते वर्गात गावांचं द्यावं.

देवगड, जामसंडे, तळेबाजार, शिरगाव अशा चार चिठ्ठ्या करा. सुरुवातीला प्रत्येक गाव स्वतःचंच प्रमुख. देवगड-जामसंडे रस्ता जोडला, की जामसंडेच्या चिठ्ठीवर ‘देवगड’ लिहायचं. तळेबाजार-शिरगाव जोडलं, की तळेबाजारच्या चिठ्ठीवर ‘शिरगाव’. आता जामसंडे-तळेबाजार जोडायला सांगा. मुलं पटकन तळेबाजारच्या चिठ्ठीवरचं ‘शिरगाव’ खोडून ‘देवगड’ लिहितात आणि शिरगाव एकटंच पडतं! खरं तर आधी दोघांचे प्रमुख शोधायचे, मग प्रमुखालाच जोडायचं. म्हणजे शिरगावच्या चिठ्ठीवर ‘देवगड’.

दोन गावं एका गटात आहेत का, हे बघायला चिठ्ठीवरून चिठ्ठीवर जात प्रमुख गाठायचा. दोघांचा प्रमुख एकच निघाला तर ती जोडलेली. ही साखळी लांबू नये म्हणून लहान गट मोठ्या गटाखाली घ्यायचा.

पण या रीतीला जोडता येतं, तोडता येत नाही. रस्ता बंद झाला, तर कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन पुन्हा सुरुवात. रस्ता क्वचित बंद होतो, चौथीतली कट्टी मात्र रोज मधल्या सुट्टीत होते. शिवाय फळ्यावर एकच नाव वेगळं उरलं, तर त्या पोराला काय वाटेल?