मॅनेजरला पाच हजारांचा अधिकार दिलात, पण व्यापाऱ्याला कुठं माहीत आहे?

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की दुसरी ब्रँच टाकली तर मॅनेजरला खर्चाचा अधिकार किती द्यायचा? तीन हजार, पाच हजार की दहा? माझं मत सरळ आहे. आकडा किती हा प्रश्न दुय्यम आहे. आदेशातल्या अटी काय आहेत आणि तो आदेश कोणाकोणाला कळवला, यावर तुमचे पैसे वाचतात किंवा जातात. हे मी पुस्तकातून नाही, स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

माझं मूळ दुकान जळगावला, ब्रँच धुळ्याला. मध्ये एरंडोल, पारोळा, नव्वदेक किलोमीटर. पंखा-कुलर-मिक्सरचा धंदा. रोज जाणं शक्य नाही. सुरुवातीला सगळं फोनवर चालायचं. "भाऊ, टेम्पोवाल्याला आठशे देऊ का?" "भाऊ, शटरची स्प्रिंग गेली, काय करू?" दिवसाला दहा फोन. कंटाळून मी लेटरहेडवर एक ओळ टाईप केली: 'शाखा व्यवस्थापकांना प्रत्येक खर्चास रु. 5,000 पर्यंत मंजुरीचा अधिकार देण्यात येत आहे.' सही, शिक्का, झालं. मला वाटलं प्रश्न मिटला.

दोन महिन्यांनी व्हाउचर बघतो तर एकाच फॅब्रिकेटरची चार बिलं, प्रत्येकी 4,600 रुपयांची, एकाच आठवड्यातली. गोडाऊनमध्ये रॅक बसवले होते. एकूण 18,400. मी चिडलो. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही प्रत्येक खर्चाला पाच हजार लिहिलंय. मी एकदा तरी वर गेलो का?" त्याने पैसे खाल्ले नव्हते. रॅकची गरज होती आणि मी त्या आठवड्यात फोन उचलत नव्हतो. चूक माझ्या ओळीची होती.

याला खरेदीचे तुकडे पाडणं म्हणतात. सरकारी खात्यांना हे जुनं दुखणं माहीत आहे. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत वरच्या मंजुरीतून सुटण्यासाठी मागणीचे छोटे भाग करायला मनाई आहे. आपल्या राज्यातही कोणत्या अधिकाऱ्याला किती अधिकार, हे वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, 1978 मध्ये लिहिलेलं आहे. आपण सरकारी कागदांना हसतो, पण ही एक अट उचलण्यासारखी आहे. मर्यादा बिलावर लावू नका, कामावर लावा. एकाच कामाचा किंवा एकाच पार्टीचा 30 दिवसांतला सगळा खर्च एकत्र धरायचा. मग चार बिलं असोत की चाळीस, बेरीज एकच.

तुकडे पडतायत हे ओळखायचं कसं? महिन्याची व्हाउचर तारखेप्रमाणे न लावता पार्टीप्रमाणे लावा. मर्यादेच्या जरा खाली असलेले आकडे, म्हणजे 4,600, 4,800, 4,950, एकाच नावापुढे दिसले की विचारा. दर वेळी लबाडीच निघेल असं नाही. अनेकदा मर्यादाच कमी पडत असते.

दुसरा फटका मोठा होता. एप्रिलच्या शेवटी धुळ्यात ऊन कडक. मॅनेजरने एका डिस्ट्रिब्युटरकडून 40 कुलर उधारीवर मागवले, 6,500 रुपयांप्रमाणे 2,60,000 चा माल. जून लागला, पाऊस आला, निम्मे कुलर गोडाऊनमध्ये. मी डिस्ट्रिब्युटरला म्हणालो, आमच्या मॅनेजरला एवढा अधिकारच नव्हता, माल परत घ्या. तो म्हणाला, "शेठ, वर्षभर हाच माणूस ऑर्डर देतोय आणि तुम्ही बिलं भरताय. तुमच्या कपाटातला कागद मला कसा दिसणार?"

मी वकिलांना विचारलं. त्यांनी भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 237 दाखवलं. थोडक्यात असं, की आपल्या माणसाला अधिकार आहे असा समज आपण बोलण्यातून किंवा वागण्यातून समोरच्याचा करून दिला, तर त्या माणसाने अधिकाराबाहेर केलेला व्यवहारही आपल्यावर बांधील होतो. वर्षभर बिनतक्रार बिलं भरणं हे आपलं वागणंच की. मी पैसे भरले. कुलर पुढच्या उन्हाळ्यात विकले, पण भांडवल वर्षभर अडकलं.

म्हणून माझं म्हणणं: व्यापाऱ्याला न कळवलेला आदेश अर्धाच असतो. तो तुमच्या मॅनेजरला बांधतो, बाजाराला नाही. मॅनेजर सोडून गेला तरी तेच. कलम 208 प्रमाणे अधिकार काढून घेतल्याचं बाहेरच्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो अधिकार संपत नाही.

आता माझ्या धुळे ब्रँचला लागू असलेला आदेश बघा:

कार्यालयीन आदेश

1. दैनंदिन खर्च (हमाली, टेम्पो, किरकोळ दुरुस्ती, स्टेशनरी) एका कामासाठी रु. 5,000 पर्यंत आणि महिन्याला एकूण रु. 20,000 पर्यंत शाखा व्यवस्थापक मंजूर करतील. एकाच कामाचा किंवा एकाच पार्टीचा 30 दिवसांतील खर्च एकत्र धरला जाईल.
2. त्यापुढील खर्चास दोन दरपत्रकं पाठवून मालकाची लेखी मंजुरी घ्यावी. व्हॉट्सॲपवरील होकार चालेल, फोनवरील नाही.
3. शटर, वायरिंग, पाणीगळती अशा तातडीत रु. 10,000 पर्यंत खर्च करता येईल. 24 तासांत फोटो व बिल पाठवावे.
4. उधारीवर माल, कर्ज, कर्मचाऱ्यांना उचल, तसेच स्वतःला किंवा नातेवाइकांना द्यायची रक्कम, यांचा अधिकार नाही.
5. खर्च पेटी कॅशमधूनच करावा. विक्रीची रोकड पूर्ण बँकेत भरावी.
6. हे अधिकार दुसऱ्या कोणाला देता येणार नाहीत. व्यवस्थापक रजेवर असल्यास ते मालकाकडे राहतील.
7. आदेश 31 मार्चपर्यंत लागू राहील.
प्रत: नेहमीचे सर्व पुरवठादार, बँक, हिशेबनीस.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. पुरवठादारांना आतले आकडे सांगायची गरज नाही. मी त्यांना एवढंच लिहिलं की धुळे ब्रँचची उधारीची ऑर्डर जळगावहून लेखी आल्याशिवाय माल पाठवू नये. त्यांच्याकडून पोच घेतली आणि फाईलला लावली. मात्र त्यानंतर तशी ऑर्डर आली आणि तुम्ही गुपचूप बिल भरलंत, तर पुन्हा जुनीच सवय लावून दिलीत असं समजा.

पाचव्या अटीबद्दल एक गोष्ट. एका माणसाला एका दिवसात धंद्याच्या खर्चापोटी 10,000 पेक्षा जास्त रोख दिली, तर काही अपवाद सोडता आयकरात तो खर्च धरला जात नाही. ब्रँचने दिली तरी ती तुमचीच रोख. म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच.

आणि आकडा ठरवायचाच असेल, तर मागच्या तीन महिन्यांची व्हाउचर काढा. दहापैकी आठ-नऊ खर्च तुम्हाला फोन न करता निघतील, अशी मर्यादा ठेवा. फारच कमी ठेवली तर माणूस तुकडे पाडायला शिकतो, आणि ते त्याला आपणच शिकवलेलं असतं.

तो मॅनेजर आजही माझ्याकडेच आहे. चौथी अट लिहिताना मी त्याला समोर बसवलं होतं. वाचून म्हणाला, "भाऊ, हे आधी असतं तर कुलरवाल्याला मीच नाही म्हटलं असतं."